गडचिरोलीचे शंभर शब्द

डिसेंबर 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या गावांवरचा एक शोधनिबंध आला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतले त्यांचे सहकारी यांचा तो होता. पाच वर्षांचे काम सात पानांत मांडलेले, आणि त्या सात पानांच्या डोक्यावर तीनशेच्या आसपास शब्दांचा गोषवारा. जगभरात हा निबंध ज्यांना माहीत झाला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी फक्त तो गोषवाराच वाचला असणार. डॉक्टर, धोरण ठरवणारे अधिकारी, दुसऱ्या देशातले संशोधक हे सगळे पहिल्यांदा गोषवारा वाचतात, आणि सात पाने उघडायची की नाही ते त्यावरून ठरवतात.

हा गोषवारा लिहिण्याला कायम शब्दांची मर्यादा असते आणि ती ताणता येत नाही. लॅन्सेट तीनशे शब्द देते. ‘सायन्स’ साप्ताहिक सव्वाशे देते. भौतिकशास्त्राचे ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ तर शब्द मोजतच नाही, सहाशे अक्षरे मोजते. परिषदांना निबंध पाठवताना संगणकावरचा रकाना मर्यादेनंतरचे शब्द घेतच नाही. वैद्यकीय निबंधांची सूची ठेवणारी अमेरिकेची ‘मेडलाइन’ ही यंत्रणा एके काळी अडीचशे शब्दांनंतर गोषवारा सरळ कापून टाकत असे आणि खाली तशी टीप देत असे. त्या जुन्या नोंदी आजही सापडतात. कात्री शेवटाकडून चालायची, म्हणून पार्श्वभूमी सुखरूप राहायची आणि काय सापडले, त्याचा अर्थ काय, हेच गळून जायचे.

समजा, गडचिरोलीच्या या अभ्यासाचा गोषवारा एखाद्या परिषदेच्या पुस्तिकेसाठी शंभर शब्दांत बसवायचा आहे. तीनशेचे शंभर. पद्धत, निकाल आणि त्याचे महत्त्व, तिन्ही राहिले पाहिजेत. हे काम खरोखर करून पाहिले की शब्द कमी करणे म्हणजे नेमके काय, ते उलगडत जाते.

आधी अभ्यास काय होता ते पाहू. 1993 साली गडचिरोलीतल्या गावांत बाळंतपण घरीच होई. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत बाळ आजारी पडले तर रुग्णालय दूर आणि खर्च आवाक्याबाहेर. बंग यांचा विचार असा की बाळ रुग्णालयात जात नसेल तर सेवाच घरी न्यावी. त्यांनी 39 गावे सेवेसाठी आणि 47 गावे तुलनेसाठी घेतली. पहिली दोन वर्षे दोन्हीकडे फक्त जन्म-मृत्यूंची नोंद केली. मग 1995 ते 1998 ही तीन वर्षे सेवेच्या गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघरी जाऊ लागल्या. जन्मताना गुदमरलेले बाळ, कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ, थंड पडलेले बाळ, अंगावर नीट न पिणारे बाळ, या सगळ्यांची काळजी त्या घेत. शिवाय सेप्सिस, म्हणजे रक्तात, मेंदूच्या आवरणात किंवा फुप्फुसांत पसरलेला जंतुसंसर्ग, त्या ओळखत आणि प्रतिजैविके देत. खेड्यातल्या स्त्रीने नवजात बाळाला इंजेक्शन देणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. बाळे किती दगावली याची मोजणी मात्र वेगळ्या माणसांकडे होती.

यातले पहिले काय गाळायचे? मराठीत प्रबंधाचे सारांश वाचणाऱ्यांना पुढील धाटणी ओळखीची वाटेल. नमुन्यादाखल अशी सुरुवात घेऊ:

“भारतासारख्या विकसनशील देशामध्ये नवजात बालकांच्या मृत्यूंची समस्या ही अत्यंत गंभीर स्वरूपाची असून त्यावर प्रभावी उपाययोजना करणे ही काळाची गरज आहे. प्रस्तुत संशोधनामध्ये या दृष्टीने प्रयत्न करण्यात आला आहे.”

शंभरपैकी अठ्ठावीस शब्द संपले आणि अभ्यासाबद्दल एक अक्षर कळले नाही. हीच वाक्ये नवजात मृत्यूंवरच्या दुसऱ्या कुठल्याही प्रबंधावर चालतील, आणि हीच त्यांची परीक्षा आहे. जे वाक्य शेजारच्या प्रबंधावर जसेच्या तसे बसते, ते आधी काढावे. उरते ती या अभ्यासाची स्वतःची अडचण आणि तिच्यातून निघालेला प्रश्न: रुग्णालय आवाक्याबाहेर असताना घरपोच सेवेने नवजात मृत्यू घटतात का? दहा शब्दांच्या आत पार्श्वभूमी आणि प्रश्न दोन्ही आले.

भाषेतली काटछाट याच टप्प्यावर उरकते. ‘मूल्यमापन करण्यात आले’ऐवजी ‘मोजले’, ‘उपचार करण्यात आलेल्या बालकांच्या बाबतीत’ऐवजी ‘उपचार झालेल्या बाळांत’. मराठीला एक सोयही आहे. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, संगणक मधल्या जागा मोजतो, त्यामुळे इंग्रजीत तीन शब्द घेणारा मजकूर इथे एका शब्दात मावतो. पण केवळ भाषा आवळून तीनशेचे शंभर होत नाहीत. फार तर तीनशेचे सव्वादोनशे होतील. पुढचे सव्वाशे शब्द काढायला मजकुरातच निवड करावी लागते, आणि चुका तिथेच होतात.

पद्धतीपासून सुरू करू. आरोग्यदूत काय काय करत, याची यादी मोठी आहे. शिवाय दाईंचे प्रशिक्षण, मातांना आरोग्यशिक्षण, दर पंधरा दिवसांनी देखरेखीची भेट. मोह होतो की सगळी यादी ठेवावी, कारण काम करणाऱ्याला प्रत्येक तुकडा घामाचा असतो. पण गोषवारा वाचणाऱ्याला पद्धतीतून वेगळेच कळायला हवे: निकालावर किती विश्वास ठेवायचा? त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. तुलना कशाशी केली? किती काळ? गट कसे पाडले? मोजणी कोणी केली?

म्हणून यादी ‘बाळांची काळजी’ या दोन शब्दांत मिटते. सेप्सिसचे उपचार मात्र वेगळे ठेवावे लागतात, कारण या अभ्यासाचे नवेपण तिथे आहे आणि निकालातला एक आकडा त्यावर उभा आहे. 47 गावे राहतात. ती गाळली तर उरते फक्त आधी आणि नंतर, आणि मृत्यू एरवीही घटलेच असते, या शंकेला उत्तर राहत नाही. दोन वर्षांच्या मूळ नोंदी राहतात, कारण दोन्हीकडची सुरुवात सारखी होती हे त्यांतूनच कळते. मोजणारे कार्यकर्ते वेगळे होते, हे पाच शब्दही राहतात. जी व्यक्ती बाळ वाचवायला झटते तिनेच मेलेली बाळे मोजली असती, तर आकड्यांवर कुणीही बोट ठेवले असते.

चौथा प्रश्न अवघड आहे. या अभ्यासात गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. 1999 च्या गोषवाऱ्यात ती निवडली इतकेच सांगितले आहे, आणि त्या काळी ते पुरेसे मानले जाई. 2008 मध्ये सोडतीने गट पाडलेल्या चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी ‘कॉन्सॉर्ट’ने स्वतंत्र नियमावली काढली, आणि गट कसे पडले ते गोषवाऱ्यातच सांगावे असा आग्रह रुजला. शंभर शब्दांत ‘सोडत पद्धतीने नव्हे’ हे तीन शब्द महाग वाटतात, पण ते ठेवावेत. ते आपल्याच अभ्यासाची मर्यादा सांगतात, म्हणून लिहिणाऱ्याचा हात आधी त्यांच्यावरच जातो, आणि वाचणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

आता निकाल. मूळ गोषवाऱ्यात आकड्यांची गर्दी आहे. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 25.5 झाला, तुलनेच्या गावांशी ताडता निव्वळ घट 62.2 टक्के. वर्षाच्या आतल्या अर्भकांच्या मृत्यूंतली निव्वळ घट 45.7 टक्के. जन्माच्या आगेमागे होणाऱ्या मृत्यूंतली 71 टक्के. सेप्सिस झालेल्यांपैकी दगावणारी बाळे 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर. तिसऱ्या वर्षी 93 टक्के बाळांपर्यंत सेवा पोचली. दर बाळामागे खर्च 5.3 डॉलर. 1997-98 मध्ये दर अठरा बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला.

यातले दोन-तीनच बसणार. सगळ्यांत डोळ्यांत भरणारा आकडा 71 टक्क्यांचा. पण तो उचलणे चुकीचे ठरेल. अभ्यास सुरू करताना संशोधकांनी गृहीतक मांडले होते ते नवजात मृत्युदराचे: तीन वर्षांत तो किमान 25 टक्क्यांनी घटेल. ज्या प्रश्नाने अभ्यास सुरू झाला त्याचे उत्तर गोषवाऱ्यात पहिल्यांदा यायला हवे, मग ते सर्वांत मोठे असो वा नसो. नाहीतर दहा गोष्टी मोजायच्या आणि सगळ्यांत चांगली दिसणारी एक वर आणायची, ही वाट उघडी होते.

मग 62 घेऊ. इथे या अभ्यासात योगायोगाने एक सापळा आहे. सेवेच्या गावांतला सुरुवातीचा मृत्युदर हजारी 62 होता, आणि निव्वळ घटही 62 टक्केच. घाईने आवळताना ‘62 टक्के बाळे दगावत’ किंवा ‘मृत्युदर 62 ने घटला’ असे वाक्य सहज तयार होते. दोन्ही साफ चूक. पहिला 62 हजारामागचा आहे, दुसरा शंभरामागचा. ‘हजार जिवंत जन्मांमागे’ हे तीन शब्द काढण्याजोगे दिसतात, पण ते काढले की आकडा कशाचा आहे हेच कळत नाही.

‘निव्वळ’ या शब्दाचेही तसेच. 62 वरून 25.5 म्हणजे सुमारे 59 टक्के घट, शाळेतले गणित. मग 62.2 कुठून आले? तुलनेच्या गावांतला दर सुरुवातीला 58 होता आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो घटला तर नाहीच, किंचित वाढला. ती वाढ जमेस धरली की फरक 62.2 टक्क्यांचा होतो. म्हणजे ‘निव्वळ’ या एका शब्दात 47 गावांचा सगळा हिशेब आहे. तो गाळून ‘मृत्युदर 62 वरून 25.5 वर, म्हणजे 62.2 टक्क्यांनी घटला’ असे लिहिले, तर बारकाईने वाचणारा बेरीज-वजाबाकी करून बघेल, ती जुळणार नाही, आणि त्याचा उरलेल्या गोषवाऱ्यावरचाही विश्वास उडेल.

सेप्सिसचा आकडा घ्यायचा तर त्याच्याशी एक खबरदारी जोडलेली आहे. 16.6 वरून 2.8 ही तुलना दोन गटांतल्या गावांची नाही. आरोग्यदूतांनी उपचार सुरू करण्याआधी सेप्सिस झालेली 163 बाळे आणि नंतरची 71 बाळे, अशी ती आधी-नंतरची आहे. निव्वळ घटीच्या वाक्यामागोमाग ती नुसती ठेवली तर वाचक ती 47 गावांशी केलेलीच समजेल. म्हणून ‘उपचारांपूर्वीच्या’ आणि ‘उपचारांनंतर’ हे शब्द हवेतच. 163 आणि 71 हे आकडे जागेअभावी जातात. मर्यादा दीडशेची असती तर सर्वांत आधी तेच परत आणावेत. आणखी एक पथ्य: 16.6 वरून 2.8 ही घट 83 टक्क्यांची आहे असेही म्हणता येते आणि 13.8 टक्क्यांची आहे असेही, पहिल्यात प्रमाण आणि दुसऱ्यात वजाबाकी. दोन्ही टोके दिली की हा घोळ उरत नाही आणि शब्दही वाढत नाहीत.

93 टक्के सेवा पोचली हे ठेवावे की 5.3 डॉलर खर्च? इथे जाणती माणसेही वेगवेगळे ठरवतील. सेवा लोकांनी स्वीकारली हे 93 सांगतो. पण हा निबंध ज्या गरीब देशांसाठी आहे, तिथला अधिकारी पहिल्यांदा खर्च विचारेल. शंभर शब्दांत खर्च ठेवणे अधिक योग्य वाटते.

उरले महत्त्व. शब्द संपत आलेले असतात तेव्हा हे वाक्य लिहिले जाते, म्हणून त्याचे दोन प्रकार होतात. एक, ‘पुढील संशोधनाची गरज आहे’ असे काहीच न सांगणारे. दुसरा प्रकार अधिक घातक, पुराव्याच्या पुढे धावणारा. इसाबेल बुत्राँ आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘जामा’त अशा 72 चाचण्या तपासल्या, ज्यांच्या मुख्य प्रश्नाचा निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नव्हता. त्यांतल्या 42 गोषवाऱ्यांच्या शेवटच्या भागात उपचार उपयोगी ठरल्याचा भास होईल अशी मांडणी होती. आकडे खोटे नव्हते. शेवटचे वाक्य त्यांना सोडून पुढे गेले होते.

गडचिरोलीच्या संशोधकांनी आपले शेवटचे विधान दोन भागांत केले. आपल्या कुपोषित, निरक्षर ग्रामीण लोकसंख्येत हे झाले, हा पहिला भाग. विकसनशील देशांत यामुळे मृत्यू बरेच घटू शकतात, हा दुसरा. पहिला भाग पाहिलेल्याबद्दल आहे, दुसरा शक्यतेबद्दल. आवळताना ‘घटू शकतात’चे ‘घटतात’ करून एक शब्द वाचतो, आणि एका जिल्ह्यातले पाहणे साऱ्या जगाचा नियम होऊन बसते. पुढे बांगलादेशातल्या सिल्हेट भागात घरोघरच्या सेवेची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल 2008 मध्ये लॅन्सेटमध्येच आला. तिथे शेवटच्या सहा महिन्यांत नवजात मृत्यूंतली घट 34 टक्के निघाली. मोलाचीच, पण 62 नव्हे. 1999 च्या वाक्यातला ‘शकतात’ तिथे खरा ठरला. ‘घटतात, आणि इतकेच घटतात’ असे कुणी लिहिले असते तर ते टिकले नसते. भारत सरकारने 2011 मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांच्या गृहसेवेचा कार्यक्रम देशभर नेला, तोही असे पुरावे साठत गेल्यावर.

हे सगळे निर्णय घेतल्यावर शंभर शब्दांचा गोषवारा असा होतो:

“रुग्णालय आवाक्याबाहेर असताना घरपोच सेवेने नवजात मृत्यू घटतात का, हे गडचिरोली जिल्ह्यात तपासले. सेवेसाठी 39 आणि तुलनेसाठी 47 गावे निवडली (सोडत पद्धतीने नव्हे). दोन वर्षांच्या मूळ नोंदींनंतर 1995-98 मध्ये प्रशिक्षित आरोग्यदूतांनी गृहभेटींत बाळांची काळजी घेतली व सेप्सिसवर उपचार केले. जन्म-मृत्यूंची नोंद वेगळ्या कार्यकर्त्यांनी केली. सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 62 वरून तिसऱ्या वर्षी 25.5 झाला, तुलनेच्या गावांतील बदल धरून निव्वळ घट 62.2 टक्के (p<0.001). सेप्सिस झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण उपचारांपूर्वीच्या 16.6 टक्क्यांवरून उपचारांनंतर 2.8 टक्क्यांवर आले. खर्च दर बाळामागे 5.3 डॉलर. कुपोषित, निरक्षर ग्रामीण समाजातही अशी सेवा देता येते आणि विकसनशील देशांतील नवजात मृत्यू त्यामुळे बरेच घटू शकतात.”

शब्दांची वाटणी पाहण्यासारखी आहे. प्रश्नाला तेरा, पद्धतीला एकतीस, निकालाला एकोणचाळीस, महत्त्वाला सतरा. मर्यादा पन्नासवर आली तर खर्च आणि सेप्सिसचा आकडा जातील, मूळ नोंदींचा उल्लेख आणि मोजणाऱ्यांचे वाक्यही जाईल. 47 गावे, हजारामागचा दर, ‘निव्वळ’ आणि ‘शकतात’ तरीही राहतील. पन्नासाच्याही खाली गेले तर पद्धत सांगणे जमत नाही. तो मग गोषवारा न राहता बातमीचा मथळा होतो, आणि त्याला गोषवारा म्हणून छापू नये.

एवढ्याने काम संपत नाही, कारण गोषवारा बहुधा शेवटच्या रात्री लिहिला जातो आणि त्यानंतरही निबंधातली कोष्टके बदलत राहतात. रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्येच ‘जामा’त सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांचे गोषवारे मूळ निबंधांशी ताडून पाहिले. गोषवाऱ्यातला आकडा निबंधात वेगळा असणे, किंवा निबंधात मुळी नसणेच, असे दोष त्यांनी मोजले. नियतकालिकानुसार 18 ते 68 टक्के गोषवाऱ्यांत ते सापडले. लेखकांना अचूकतेच्या सूचना लेखी पाठवून काही फरक पडतो का, हेही त्यांनी आधी करून पाहिले होते. पडला नाही.

म्हणून काही संपादक आणि अनुभवी मार्गदर्शक ही तपासणी लेखकाकडे ठेवत नाहीत. निबंध न लिहिलेल्या माणसाच्या हाती छापील गोषवारा आणि पेन्सिल दिली जाते. तो प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून निबंधातली त्याची जागा शोधतो आणि सापडली की खूण करतो. वरच्या शंभर शब्दांत, हजारामागे हा पाया सोडला तर, गावांची संख्या, वर्षे, दर आणि खर्च धरून असे बारा आकडे आहेत. ज्या आकड्यापुढे खूण पडत नाही, तो निबंधात सापडेपर्यंत पुस्तिकेकडे जात नाही.